नव्या घरातील झोप : आधी बेरीज, मग गोळी

उतारवयात गावचे घर सोडून मुलाकडे राहावयास आलेल्या अनेकांची पहिल्याच महिन्यात एक तक्रार असते, ‘इथे झोपच लागत नाही.’ घरची मंडळी मग झोपेच्या गोळीसाठी दवाखान्यात येतात. अशा वेळी गोळीचा विचार करण्याआधी आपण चोवीस तासांतील झोपेची बेरीज करावी. पुष्कळदा असे दिसते, की झोप कमी झालेली नसून ती विखुरलेली आहे.

माझ्याकडे आलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांचे उदाहरण पाहू. गावी ते रात्री नऊला निजत आणि पहाटे चारला उठत. पुण्यातील सदनिकेत त्यांचा पलंग दिवाणखान्यात होता. सून व मुलगा कामावरून साडेआठला येत, जेवणे साडेनऊला होत आणि दूरदर्शन संच बंद होऊन दिवे मालवेपर्यंत साडेअकरा वाजत. आजोबांचा डोळा साडेबाराला लागे आणि चारला जाग येई. म्हणजे रात्रीची झोप केवळ साडेतीन तास.

मी त्यांच्या सूनबाईंना आठ दिवस एका वहीत झोपेच्या वेळा लिहावयास सांगितल्या. दुपारी जेवणानंतर पावणेदोन तास आणि संध्याकाळी साडेसातपासून खुर्चीत बसल्या बसल्या सव्वा तास, अशी झोप ते घेत होते. तिन्ही मिळून साडेसहा तास झाले. त्या वयाच्या शरीराला साधारण तेवढी झोप पुरत होती. संध्याकाळच्या त्या डुलकीने रात्रीच्या झोपेची भूक मात्र मारली जात होती.

ही डुलकी आळसामुळे येत नाही. वय वाढते तसे शरीरातील घड्याळ पुढे सरकते. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. हे घड्याळ उजेडावर चालते. संध्याकाळचा उजेड झोपेची वेळ उशिरा नेतो, तर सकाळचा उजेड ती अलीकडे आणतो. दिवसभर घरात, अंधुक प्रकाशात बसणाऱ्या वृद्धाला नव्या घराच्या वेळेशी जुळवून घेणे म्हणूनच जड जाते.

उपाय असा ठरला. आजोबांनी सूर्यास्तापूर्वीचा पाऊण तास इमारतीच्या आवारात फिरावे. परत आल्यावर खुर्चीत न बसता स्वयंपाकघराच्या लख्ख उजेडात भाजी निवडावी. त्यांचे जेवण आठला, इतरांची वाट न पाहता. दुपारची झोप अर्धाच तास आणि तीही तीनच्या आत. चारनंतर चहा नाही. पलंगावर जायचे ते साडेदहाला आणि उठायचे पाचला. ही वेळ एकदम गाठायची नव्हती. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे, अशी ती पुढे न्यायची होती. चारला जाग आलीच, तर मोठा दिवा न लावता मंद उजेडात बसायचे.

घरच्यांकडेही एक काम होते. आजोबांचा पलंग नातवाच्या खोलीत हलवला गेला, कारण साऱ्या कुटुंबाच्या वावराच्या जागेत कोणालाच झोपेची वेळ पाळता येत नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा ठेवला. नव्या घरात अर्धवट झोपेत पाय जुन्या घराच्या वाटेने वळतात आणि पडणे होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांची रात्रीची सलग झोप साडेपाच तासांवर आली.

गोळी का नको, हेही समजून घ्यावे. झोपेच्या बहुतेक गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, रात्री उठल्यावर गोंधळ उडतो आणि सवयही लागते. गुंगी आणणारी सर्दीची औषधे झोपेसाठी घेणे तितकेच धोक्याचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून वेळ बदलू नये.

वेळा जुळवूनही झोप येत नसेल, तर कारण निराळे असू शकते. घोरताना मध्येच श्वास अडणे, आडवे पडताच धाप लागणे, निजताना पायांत अस्वस्थ वळवळ होणे, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे, यांपैकी काही दिसल्यास तपासणी करून घ्यावी. धाप किंवा भ्रम यासाठी तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. जोडीदार गेल्यामुळे घर सोडावे लागले असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवणावरची वासना उडाली असेल, तर ती नैराश्याची खूण असू शकते. वेळापत्रक बदलून ते दूर होत नाही.

दवाखान्यात येताना आठ दिवसांच्या नोंदीची वही जरूर सोबत आणावी. निजण्याची, प्रत्यक्ष झोप लागल्याची, उठण्याची आणि दिवसातील प्रत्येक डुलकीची वेळ एवढेच त्यात हवे.