परतीची वाट बरोबर, मुक्काम चुकीचा

क्लोद मोनेने १८७२ साली ल आव्र बंदरातला सूर्योदय रंगवला. त्याच जागेवरून, त्याच घटकेला टिपलेला रंगीत फोटो कुणाकडेच नाही. त्यामुळे ‘फोटो असा होता आणि मोनेने त्याचं असं चित्र केलं’ अशी जोडी संगणकापुढे ठेवायची सोय नाही. मग फोटोला मोनेच्या शैलीत उतरवायला त्याला शिकवायचं कसं?

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात जुन-यान झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जोड्यांचा नाद सोडून दिला. त्यांनी दोन स्वतंत्र ढीग घेतले: मोनेची १,०७४ चित्रं आणि फ्लिकर या संकेतस्थळावरून उतरवलेले निसर्गदृश्यांचे ६,८५३ फोटो. ‘सायकलगॅन’ हे या पद्धतीचं नाव. तिच्यात एक जाळं फोटोचं चित्र करतं, दुसरं चित्राचा फोटो करतं. प्रत्येकापुढे एक पारखी बसवलेला असतो. समोर आलेलं चित्र खरं मोनेचं की बनवलेलं, हे तो ओळखायला शिकतो, आणि त्याला फसवता फसवता जाळं तयार होत जातं.

पण नुसत्या पारख्यावर भागत नाही. कुठलाही फोटो दिला तरी जाळ्याने एकच झकास मोने काढून दाखवला, तर पारखी फसेल आणि मूळ फोटोतलं झाड, नदी, पूल सगळं हरवेल. म्हणून परतीची अट घातली गेली. फोटोचं चित्र करायचं, त्या चित्राचा पुन्हा फोटो करायचा आणि तो मूळ फोटोशी बिंदू न् बिंदू ताडून पाहायचा. जितका फरक, तितका दंड. मूळ प्रयोगात या दंडाला पारख्याच्या निकालाच्या दहापट वजन दिलं होतं.

या अटीत एक पळवाट आहे. जाणाऱ्या जाळ्याने सगळे रंग उलटे केले आणि येणाऱ्याने ते पुन्हा सुलटे केले, तर परत आलेला फोटो तंतोतंत जुळतो आणि दंड शून्य. परत येता आलं पाहिजे एवढंच ही अट सांगते; मधला मुक्काम योग्य होता का, हे ती विचारत नाही. तो निवाडा पारख्याकडे असतो, आणि पारख्याला माहीत असतो तो फक्त आपला ढीग.

चित्राचा फोटो करताना नेमकं हेच घडलं. जाळं मोनेच्या भर दुपारच्या चित्राचा बऱ्याचदा सूर्यास्ताचा फोटो करू लागलं. समजा, फोटोंच्या ढिगात शंभरातले तीस सूर्यास्ताचे आहेत आणि चित्रांच्या ढिगात दहाच. पारख्याला दोन्हीकडचं प्रमाण सारखं दिसलं पाहिजे, म्हणून जाळ्याला वीस दुपारींवर नारिंगी रंग चढवावा लागतो. परत येताना दुसरं जाळं तो उतरवतं, म्हणून परतीचा दंडही बसत नाही. जाळं इथे अजिबात चुकलेलं नसतं. त्याला जे मागितलं तेच त्याने चोख दिलेलं असतं.

बर्कलीच्या गटाने यावर साधा उपाय केला. फोटो करणाऱ्या जाळ्याला मधूनमधून खराच फोटो द्यायचा आणि त्याने तो जसाच्या तसा ठेवावा असा आग्रह धरायचा. यामुळे रंग बऱ्यापैकी जागेवर राहतात. मात्र ढिगात जे नाहीच, ते या उपायाने शिकवता येत नाही. म्हणूनच मोनेच्या चित्रांतून त्यांनी फक्त निसर्गदृश्यं वेचून घेतली होती. निसर्गदृश्यांच्या फोटोंसमोर व्यक्तिचित्रं ठेवली असती, तर पारख्याने डोंगरात चेहरे मागितले असते. ही निवडानिवड कंटाळवाणी खरी, पण या कामातला सर्वांत मोलाचा भाग तोच.

घोड्याचा झेब्रा करणाऱ्या त्यांच्याच प्रयोगात ही उणीव उघडी पडली. सरावाच्या फोटोंत रानातले घोडे आणि झेब्रे होते, स्वार एकही नव्हता. मग घोड्यावर बसलेल्या माणसाचा फोटो दिल्यावर घोड्याबरोबर स्वाराच्या अंगावरही काळेपांढरे पट्टे उमटले.

चित्रकलेत अशी चूक नजरेला लगेच खुपते. वैद्यकीय प्रतिमांत ती खुपतच नाही. जोसेफ पॉल कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मेंदूच्या एका प्रकारच्या एमआरआयचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करून पाहिलं. ज्या ढिगासारखं दिसायचं तो निरोगी मेंदूंचा असेल, तर रुग्णाच्या प्रतिमेतली गाठ पुसली जाई. तोच ढीग गाठी असलेल्या मेंदूंचा असेल, तर निरोगी मेंदूत गाठ उगवे. दोन्ही प्रतिमा दिसायला अगदी खऱ्या. त्यामुळे निकालाचा देखणेपणा किंवा परतीचा कमी दंड पाहून इथे काही कळत नाही. दोन्ही ढिगांत कशाचं प्रमाण किती आहे ते आधी मोजावं लागतं, आणि ज्यांची खरी जोडी उपलब्ध आहे अशा थोड्या प्रतिमा बाजूला राखून त्यांच्याशी निकाल ताडावा लागतो. एमआरआयमध्ये हे जमतं, कारण एकाच रुग्णाची दोन्ही प्रकारची प्रतिमा काढता येते. मोनेच्या बाबतीत तीही सोय नाही.