फोटोतला ग्राफ आणि बारा रुपयांची वाट

व्हॉट्सॲपवर असा एक फोटो हमखास फिरत येतो. वहीच्या पानावर किंवा फळ्यावर सहा वर्तुळं, त्यांच्यामधून गेलेल्या रेघा आणि प्रत्येक रेघेवर एकेक आकडा. खाली प्रश्न: अ पासून फ पर्यंतची सर्वात स्वस्त वाट कोणती, आणि खर्च किती? परीक्षेला बसणारे याला ‘वेटेड ग्राफ’ म्हणतात. वर्तुळं म्हणजे गावं, रेघा म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारे रस्ते आणि आकडे म्हणजे रुपयांतलं भाडं, एवढं समजलं तरी आपलं काम भागतं.

गणिताला हात घालण्याआधी फोटो नीट वाचावा लागतो, आणि बहुतेक उत्तरं इथेच बिघडतात. चित्रातल्या रेघेच्या लांबीला काही अर्थ नसतो. बोटभर रेघेवर ११ आणि वीतभर रेघेवर २ असू शकतात. म्हणून डोळ्यांनी वाट शोधायला न जाता आधी सगळ्या रेघा शब्दांत उतरवून घ्याव्यात. आपल्या फोटोत त्या नऊ आहेत: अ–ब ६, अ–क २, ब–क ३, ब–इ ४, क–ड २, क–इ ९, ड–इ ६, ड–फ ११, इ–फ ३.

एखादी रेघ सुटली का, हे बघायची सोपी युक्ती आहे. चित्राकडे बघून प्रत्येक वर्तुळाला किती रेघा टेकतात ते मोजा. इथे अ ला २, ब ला ३, क ला ४, ड ला ३, इ ला ४ आणि फ ला २, म्हणजे एकूण १८. प्रत्येक रेघेला दोन टोकं असल्यामुळे ही बेरीज यादीतल्या रेघांच्या दुप्पट यायलाच हवी, आणि ती आली.

आकड्यांची चूक मात्र या मोजणीत सापडत नाही. तिरप्या रेघेवर तिरपाच लिहिलेला इंग्रजी नऊ फोन फिरवला की सहा वाटतो. मराठी माध्यमातल्या फळ्यावर तर आणखी गंमत, कारण आपला एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की जुळे भाऊ दिसतात. क–इ वरचा आकडा ९ ऐवजी ६ वाचला तर अंतिम उत्तर १२ चं ११ होतं. १ वाचला तर थेट ६. गणित दोन्ही वेळा बिनचूक, उत्तर चुकलेलं. शंका आली तर त्याच हाताने चित्रात इतरत्र लिहिलेला आकडा शोधून ताडून बघावा. आपल्या चित्रात अ–ब वर एक निःसंशय सहा आहे आणि त्याचं पोट खाली आहे.

आता वाट. पहिला मोह असा होतो की उभे आहोत तिथून सर्वात स्वस्त रेघ धरायची आणि पुढे सरकायचं. अ वरून क (२), क वरून ड (२), ड वरून इ (६), इ वरून फ (३): एकूण १३. वाईट नाही, पण सर्वात स्वस्तही नाही.

डच संगणकतज्ज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांची रीतही हावरीच आहे, फक्त तिची हाव वेगळ्या गोष्टीची आहे. पुढची रेघ किती स्वस्त, हे ती बघत नाही. अ पासून आजवरचा एकूण खर्च कोणाचा सर्वात कमी, हे बघते. प्रत्येक गावापुढे आतापर्यंत सापडलेला सर्वात कमी खर्च आणि कंसात आपण तिथे कुठून आलो ते लिहायचं. अजून न सापडलेल्या गावापुढे ∞. दर पायरीला उरलेल्यांतलं सर्वात कमी खर्चाचं गाव पक्कं करायचं आणि त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे कमी होतात का, ते तपासायचं. पक्क्या झालेल्या गावाच्या रकान्यात आता रेघ मारू.

| पायरी | पक्कं गाव | ब | क | ड | इ | फ |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | अ (०) | ६ (अ) | २ (अ) | ∞ | ∞ | ∞ |
| २ | क (२) | ५ (क) | — | ४ (क) | ११ (क) | ∞ |
| ३ | ड (४) | ५ (क) | — | — | १० (ड) | १५ (ड) |
| ४ | ब (५) | — | — | — | ९ (ब) | १५ (ड) |
| ५ | इ (९) | — | — | — | — | १२ (इ) |
| ६ | फ (१२) | — | — | — | — | — |

सगळी मजा इ च्या रकान्यात आहे. तिथला आकडा ११ वरून १० आणि १० वरून ९ असा दोनदा उतरला, आणि दर वेळी कंसातलं अक्षर बदललं. फ चा १५ हा आकडाही दोन पायऱ्या तसाच बसून होता. तो दिसताच ‘पोचलो’ म्हणून थांबणारे इथे फसतात. फ पक्का झाल्याशिवाय थांबायचं नाही.

वाट शोधायची ती उलटी. फ च्या कंसात इ, इ च्या कंसात ब, ब च्या कंसात क, क च्या कंसात अ. म्हणजे अ–क–ब–इ–फ, आणि २ + ३ + ४ + ३ = १२. अ वरून ब ला थेट रस्ता असूनही क वरून वळसा घालणं एका रुपयाने स्वस्त पडलं.

उत्तर तपासायचं असेल तर पक्के आकडे चित्रातल्या वर्तुळांवर लिहा. कुठल्याही रेघेच्या दोन टोकांमधला फरक त्या रेघेच्या भाड्यापेक्षा जास्त असता कामा नये. क–इ वर फरक ७ आणि भाडं ९, चालेल. ड–फ वर फरक ८ आणि भाडं ११, तेही चालेल. आपल्या वाटेवरच्या रेघांवर मात्र फरक आणि भाडं तंतोतंत जुळायला हवेत. नऊ रेघांना दोन मिनिटं लागतात, आणि तक्त्यातली चूक कुठे आहे तेही कळतं.

डाइक्स्ट्रांना ही रीत १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेबाहेर, होणाऱ्या पत्नीबरोबर कॉफी पिताना, वीसेक मिनिटांत सुचली. जवळ कागद-पेन्सिल नव्हती. ‘आर्माक’ हा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता, म्हणून नेदरलँड्समधली ६४ शहरं निवडली, कारण शहराचा क्रमांक सहा बिटांत मावतो. तीन पानांचा लेख छापून आला तो १९५९ मध्ये. कागद नसल्यामुळे टाळता येण्याजोगी गुंतागुंत आपोआप टळली, असं ते पुढे सांगत. तक्त्याकडे बघून ते पटतं.

एकदा पक्कं केलेलं गाव पुन्हा का उघडावं लागत नाही? तिसऱ्या पायरीला ड चार रुपयांवर पक्का झाला. दुसऱ्या कुठल्याही वाटेने ड ला यायचं तर अजून पक्क्या न झालेल्या गावातून यावं लागेल, आणि तिथे पोचायलाच किमान पाच रुपये लागतात. पुढची प्रत्येक रेघ खर्चात भर घालणारी, म्हणून चारच्या खाली येणं शक्यच नाही.

हा सगळा डोलारा ‘रेघ भरच घालते’ या एका अटीवर उभा आहे. खर्च रुपयांऐवजी विजेच्या गाडीच्या बॅटरीत मोजला, तर घाटाच्या उतारावर बॅटरी थोडी भरते आणि रेघेवर उणे आकडा येतो. समजा ड–इ च्या जागी इ वरून ड कडे जाणारा एकेरी रस्ता आहे आणि त्यावर −६ लिहिलंय. मग अ–क–ब–इ–ड चा खर्च ९ − ६ = ३ होतो, आणि आपण तर ड ला चारवर केव्हाच पक्कं करून बसलो. अशा चित्रासाठी बेलमन-फोर्ड ही दुसरी रीत वापरतात. ती कोणालाच पक्कं न करता सगळ्या रेघा पुन्हा पुन्हा तपासते, त्यामुळे वेळ जास्त खाते. तेव्हा यादी उतरवतानाच एखाद्या आकड्याआधी बारीकशी आडवी रेघ दिसली, तर तो कागदावरचा डाग आहे की उणे चिन्ह, हे तक्ता आखण्याआधीच ठरवून घ्यावं.