टॉवेल तीन, वजन दीड किलो, कुरियर साडेतीन किलोचे

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने ओळीने आहेत. समजा, महाबळेश्वरच्या एका लॉजमालकाने त्यातल्या एकाला फोन केला. त्याला खोल्यांसाठी शंभर टॉवेल हवे आहेत. भाव विचारून झाला, आणि मग पुढचा ठरलेला प्रश्न आला, "दोन-तीन सॅम्पल पाठवा की, बघतो आणि सांगतो."

खरी घासाघीस इथूनच सुरू होते. "पाठवतो साहेब, पैशाचं नंतर बघू" असे कारखानदार म्हणाला, तर 'नंतर' म्हणजे काय याचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगवेगळा असतो. लॉजमालकाला वाटते सॅम्पल फुकट आहे. कारखानदाराला वाटते ऑर्डर आली तरच फुकट. आणि कुरियरचे पैसे कोणी द्यायचे, हे कोणीच बोललेले नसते.

जाणता कारखानदार म्हणून आधी मोकळेपणाने आकडे सांगतो. 30 बाय 60 इंची टॉवेल, तीन जाडींचे: 400, 450 आणि 500 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे तेवढे ग्रॅम. त्यांचे भाव 200, 220 आणि 240 रुपये धरू. सॅम्पलचे 660 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटीचे 33, असे 693 रुपये झाले. हे पैसे पहिल्या ऑर्डरच्या बिलात वळते होतील. कुरियरचे मात्र होणार नाहीत, कारण ते कारखान्याच्या गल्ल्यात येतच नाहीत.

कुरियरचा आकडा ऐकून गिऱ्हाईक चमकते, म्हणून इथे थोडे थांबून समजावलेले बरे. तीन टॉवेल काट्यावर ठेवले तर जेमतेम दीड किलो भरतात. पण टॉवेल फुगीर असतो आणि कुरियरवाला जागेचेही पैसे घेतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचे. 40 बाय 30 बाय 15 चे खोके घेतले तर उत्तर येते 3.6 किलो. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांतले जे जास्त, त्यावर बिल. तेच टॉवेल दाबून पिशवीत भरले आणि उंची 10 वर आणली, तर 2.4 किलो. पॅकिंगवाल्या पोराचे एक मिनिट जास्त जाते, पण गिऱ्हाइकाचे किलोभर भाडे वाचते. सॅम्पलला खोके वापरणारा कारखानदार गिऱ्हाइकाच्या खिशाला उगाचच कात्री लावतो.

वळते करताना अटीही तितक्याच स्पष्ट हव्यात: किमान किती नगांच्या ऑर्डरवर आणि किती दिवसांत. समजा, शंभर नग आणि साठ दिवस ठरले. लॉजमालकाने 450 जीएसएमचे शंभर टॉवेल घेतले, बिल 22,000 झाले. त्यातून 660 सूट म्हणून बिलावरच दाखवायचे, म्हणजे 21,340 राहिले. कर लागतो या उरलेल्या रकमेवर, 1,067 रुपये, एकूण 22,407. सूट नसती तर हेच बिल 23,100 झाले असते. फरक बरोबर 693 चा, म्हणजे सॅम्पलवर भरलेला करही परत आला. दहाच टॉवेल घेतले तर मात्र काहीच वळते होत नाही, आणि हे सॅम्पल निघण्याआधीच सांगितलेले असावे. लॉजचे नाव भरतकामाने काढून हवे असेल तर तो खर्चही परत मिळत नाही. तो टॉवेल दुसऱ्या कोणाच्या कामाचा नसतो.

"मग सरळ फुकटच द्या ना" असे कोणी म्हणेल. पण फुकट सॅम्पल कारखानदाराला दिसते त्यापेक्षा महाग पडते. जीएसटी कायद्याप्रमाणे फुकट नमुन्यात गेलेल्या मालावरचे इनपुट क्रेडिट त्याला सोडावे लागते.

गिऱ्हाइकाने पैसे मोजले असतील तर सॅम्पल नुसते हाताने चाचपून ठेवू नये. नव्या टॉवेलवर मऊपणाचे फिनिश असते, त्यामुळे तो पाणी कमी टिपतो. दोन-तीनदा धुवून मगच तपासावा. धुण्याआधी आणि नंतर लांबी मोजली की आटणे कळते. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा पुरतो: 450 जीएसएमचा टॉवेल 520 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. पावसाळ्यात सूत ओल धरते, तेव्हा थोडा फरक चालायचाच. पण 460 भरला तर हाती 400 जीएसएमचा माल आला आहे.

पसंत पडलेला टॉवेल मधोमध कापावा, दोन्ही तुकड्यांवर दोघांनी सही करावी आणि एकेक तुकडा आपापल्या कपाटात ठेवावा. नमुन्यावरून झालेल्या विक्रीत सगळा माल नमुन्याच्या दर्जाचाच असला पाहिजे, असे 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 17 सांगते. शंभर टॉवेलांचा गठ्ठा महाबळेश्वरला उतरला की बिल चुकते करण्याआधी तो अर्धा तुकडा बाहेर काढावा आणि गठ्ठ्याच्या मधल्या टॉवेलशी ताडून बघावा. वरच्या टॉवेलशी नव्हे.