बारा महिन्यांत साडेतीन वर्षं

ऐरोलीत नोकरी, तिथेच भाड्याचं छोटं घर, हातात येणारा पगार 62,000. आईबाबा बदलापूरला, दोघंच. अशा एका मुलीचा हिशेब मांडून बघू, कारण त्यात दडलेली गोष्ट मला दर वेळी नव्याने थक्क करते.

तिचं भाडं 19,000. वीज, इंटरनेट आणि कामवाल्या मावशी मिळून 4,500. डबा, किराणा, रात्री उशिरा मागवलेलं जेवण असे 12,500. बाकी कपडे, फोन, विमा, फिरणं यात 15,000 जातात. उरतात 11,000, म्हणजे वर्षाचे 1,32,000.

ती बदलापूरला परत गेली की काय होतं? घरात 9,000 द्यायचे, प्रवासाचे 2,500 वाढतात, आणि स्वतःचा खर्च ठरवून 15,000 वरून 11,500 वर आणायचा. आता महिन्याला 39,000 उरतात. वर्षाचे झाले 4,68,000. पगार एका रुपयाने वाढलेला नाही, आणि तरी ऐरोलीत साडेतीन वर्षांत साठलं असतं तेवढं एका वर्षात साठलं!

यात व्याजाचा हात किती, हे पाहिलं की आणखी नवल वाटतं. दरमहा 39,000 ची आवर्ती ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली, तर वर्षअखेर व्याज मिळतं 16,000 च्या आसपास. पहिला हप्ता बारा महिने काम करतो, शेवटचा जेमतेम एक, त्यामुळे एका वर्षात व्याजाला वेळच मिळत नाही. म्हणून अशा वर्षात जास्त परताव्याच्या मागे धावून पैसे शेअर बाजारात घालणं मला पटत नाही. वाढण्याची संधी छोटी आणि ऐन वेळी घटण्याचा धोका मोठा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप कापला जावा, एवढंच बघायचं.

आता हे पैसे कशासाठी ते पाहू. तिला 40 लाखांचा, राहायला तयार असलेला जुना फ्लॅट घ्यायचा आहे. कर्ज 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंत असेल, तर बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे 8 लाख स्वतःचे. आणि इथे पुष्कळ जण अडकतात: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरायची नसते, ती पूर्णपणे आपल्या खिशातून जाते. शुल्काचा दर ठिकाणाप्रमाणे बदलतो. फ्लॅट बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात एक टक्का सवलत आहे. ती धरून 6 टक्के मानले, तर 2,40,000, आणि नोंदणीचे जास्तीत जास्त 30,000. एकूण गरज 10,70,000. तिच्याकडे आधीचे साडेपाच लाख आहेत. त्यात वर्षाची बचत, व्याज आणि ऐरोलीच्या घराचं परत मिळणारं 40,000 डिपॉझिट घातलं, की रक्कम होते 10,74,000. जुन्या साडेपाच लाखांचं वर्षाचं व्याज दलाली आणि सोसायटीच्या हस्तांतर शुल्कासाठी वेगळं राहतं.

पण ते 9,000 कुठून आले? आईबाबांसोबतचा करार खरा इथे होतो, आणि तो पहिल्याच वाक्याला अडतो.

"बाबा, मी महिन्याला किती देऊ?"

"अगं, घरच्या मुलीकडून कसले पैसे घ्यायचे?"

बाबा मनापासून बोलतात, म्हणून वाद घालून उपयोग नसतो. मात्र तीन माणसांचं घर दोन माणसांच्या घरापेक्षा नेमकं किती महाग आहे, हे त्यांच्यासोबत बसून पाहता येतं. घर बाबांचंच आहे, त्यामुळे भाड्याचा प्रश्नच नाही. फ्रिज आधीपासून चालूच आहे, इंटरनेटचं बिल तेवढंच राहतं. वाढतं ते दूध, भाजी, गॅस आणि वीज. त्यातली वीज तर फारच मजेशीर वाढते.

महावितरणचं घरगुती बिल पायऱ्यांचं असतं: 100 युनिटपर्यंत सर्वांत स्वस्त, 101 ते 300 चा दर त्याहून बराच जास्त, 301 च्या पुढे आणखी जास्त. समजा, मागच्या एप्रिलमध्ये दोघांचे 140 युनिट झाले होते. आता मुलीच्या खोलीत एक टनाचा एसी रात्रभर चालतो. तासाला साधारण एक युनिट धरलं, तर सात तासांचे सात, महिन्याचे 210. पंखा आणि लॅपटॉप धरून बिलावर येतात 360. वाढलेल्या 220 युनिटांपैकी 160 मधल्या पायरीवर आणि 60 त्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. स्वस्त पायरी आईबाबांनी आधीच भरून टाकली आहे, मुलीच्या वाट्याला त्यातलं एकही युनिट येत नाही. म्हणून बिलाला तीनने भागणं न्याय्य नाही. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट आजच्या दराने मोजायचे आणि वरची सगळी रक्कम मुलीने भरायची. उन्हाळ्यात हा आकडा डोळे उघडतो, डिसेंबरात किरकोळ असतो.

रोख रक्कम हातात ठेवण्यापेक्षा बिलं वाटून घेणं अधिक टिकतं, असं मला वाटतं. वाढीव वीज, दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब, सिलिंडर आणि पोळ्यांच्या मावशींचा पगार मुलीकडे. "पैसे नकोत" म्हणणारे बाबा मुलीने परस्पर भरलेल्या दुधाच्या बिलाला हरकत घेत नाहीत. आणि यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा मावशींचा आहे. मुलगी पहाटेची लोकल पकडणार, तर तिचा डबा साडेपाचला कोणीतरी भरणार. ते "कोणीतरी" कोण, हे आधी बोललं नाही, तर साठीला आलेली आई न बोलता ते काम अंगावर घेते. त्यामुळे डब्याची भाजी रात्री मुलीनेच करून ठेवायची, पोळ्या मावशींच्या, आणि रविवारी आईला स्वयंपाकघरातून सुट्टी, अशा ओळी करारात हव्यात.

आणखी दोन गोष्टी आधीच बोलून घ्यायच्या. साठलेल्या पैशांतून घरात कोणाला उसने द्यायचे का? चुलतभावाचं लग्न निघणार, काकांचा फोन येणार, आणि आईबाबांना नाही म्हणणं जड जाणार. घरातल्या आजारपणाला हात लागेल, इतर कशालाही नाही, हे तिघांनी मिळून ठरवलं की काकांना उत्तर द्यायला मुलीला एकटीला उभं राहावं लागत नाही. दुसरं, रात्री किती वाजेपर्यंत काम, मैत्रिणी कधी येणार, आणि स्थळांची चर्चा या वर्षात काढायची की नाही.

गणित बिघडतंय हे आवर्ती ठेवीवरून कळत नाही, ती निमूट चालू असते. पगाराच्या आदल्या दिवशी खात्यात किती उरले आणि क्रेडिट कार्डावर किती थकले, ते बघावं. ठेवीत 39,000 जाताहेत आणि कार्डावर दर महिन्याला 8,000 चढताहेत, तर खरी बचत 31,000 च आहे. ही गळती बहुधा प्रवासातून येते. बदलापूरहून ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली, येऊन-जाऊन रोजचे तीन तास. दमलेलं माणूस स्टेशनवरून रिक्षा करतं, बाहेर खातं, आठवड्यातून एकदा कॅबने येतं. कार्यालय दोन दिवस घरून काम करू देत असेल, तर ते दिवस सोमवार-शुक्रवारला न जोडता आठवड्याच्या मध्ये घ्यावेत, म्हणजे सलग तीन दिवस गर्दी अंगावर येत नाही.

शेवटची तारीखही पहिल्याच दिवशी लिहून ठेवायची, आणि ती रकमेला न बांधता महिन्याला बांधायची. दहावा महिना लागला की घरं बघायला सुरुवात करायची, कारण जुन्या फ्लॅटची कागदपत्रं, बँकेची तपासणी आणि नोंदणी यांत दोन महिने सहज जातात. व्यवहार लांबला, तर मुदत आपोआप वाढत नाही. तिघांनी पुन्हा बसायचं, आणि त्या बैठकीत आधी आईने बोलायचं.