दहा वर्षं मशीनजवळ, आता अर्ज मशीन लर्निंगसाठी

चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यात दहा वर्षं मेंटेनन्स सांभाळलेला मेकॅनिकल इंजिनिअर मशीन लर्निंगच्या नोकरीसाठी अर्ज करायला बसला, की त्याचं कव्हर लेटर बहुतेक वेळा असं सुरू होतं : ‘मला दहा वर्षांचा अनुभव आहे. डेटा सायन्सची आवड आहे. पायथॉनचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला आहे.’ तिन्ही वाक्यं खरी असतात आणि तिन्ही वाया जातात. कोर्स बाकीच्या अर्जदारांनीही केलेला असतो. दहा वर्षं हा नुसता आकडा असतो, त्या वर्षांत काय कळलं ते त्यातून समजत नाही. आणि आवडीवर कुणी पगार देत नाही.

अशा माणसाचं पारडं जिथे खरोखर जड आहे ती जागा म्हणजे बिघाडाचा आगाऊ अंदाज, ज्याला कंपन्या प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणतात. मोटर, पंप, स्पिंडल यांवर सेन्सर बसवायचे, त्यांची कंपनं नोंदवायची आणि मशीन बंद पडण्याआधी मॉडेलने इशारा द्यायचा, असं हे काम. प्रोग्रामिंग शिकलेला ताजा पदवीधर यातलं मॉडेल बनवू शकतो. पण समोरचा आलेख नेमका कशाचा आहे, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

एक साधा हिशेब बघा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिच्यात ६२०५ नंबरचं बेअरिंग असेल, तर त्यात ९ गोळ्या असतात. बाहेरच्या रिंगवर बारीकसा खड्डा पडला, की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते. शॉप फ्लोअरवरचा अंदाजी नियम असा, की गोळ्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे गुणिले ०.४. म्हणजे सेकंदाला सुमारे ८६ ठोके. आतल्या रिंगला खड्डा असेल तर ०.४ च्या जागी ०.६ धरायचे. बेअरिंगच्या घरावर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावणारा जुना फिटर हेच ठोके ऐकत असतो. कंपनांच्या आलेखात ८६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींत शिखरं दिसली, तर या इंजिनिअरला बिघाड कुठे आहे ते कळतं. मॉडेलला कोणते आकडे खायला द्यायचे, हेही त्यामुळे त्याला ठाऊक असतं. पत्रात हे दोन वाक्यांत आलं पाहिजे.

त्याहून मोलाची गोष्ट मात्र ब्रेकडाउनच्या रजिस्टरमध्ये असते. मॉडेल शिकतं ते जुन्या नोंदींवरून : अमुक तारखेला बिघाड, तमुक तारखेला ठीकठाक. प्रत्यक्षात ‘बेअरिंग बदललं’ या नोंदीमागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. बेअरिंग खरोखर गेलं असेल, वेळापत्रकानुसार चांगलं बेअरिंगच काढलं असेल, किंवा दुसऱ्या कामासाठी मोटर उघडली म्हणून सोबत तेही बदललं असेल. तारीखही अनेकदा बिघाडाची नसून सुटा भाग स्टोअरमधून मिळाल्याची असते. या नोंदी जशाच्या तशा वापरल्या, तर मॉडेल चांगल्या बेअरिंगला खराब म्हणायला शिकतं. दुरुस्तीनंतर सेन्सर चार बोटं बाजूला बसला, तरी कंपनांचं मोजमाप बदलतं आणि मॉडेल नसलेला दोष दाखवू लागतं. दहा वर्षं हे रजिस्टर भरलेल्या माणसाला या खाचाखोचा पाठ असतात, आणि तरीही बहुतेक पत्रांत त्यांचा उल्लेखसुद्धा नसतो. ही खरोखर वाईट वाटावी अशी गोष्ट आहे.

मग पत्राचा मधला परिच्छेद कसा असावा? पत्र जाईल इंग्रजीत, पण मजकूर समजा असा : ‘४० मोटरच्या वर्षभराच्या कंपनांच्या नोंदी घेतल्या. रजिस्टरमधल्या ३१ बेअरिंग-बदलांपैकी १२ खरे बिघाड होते. जॉबकार्ड आणि फिटरशी बोलून ते वेगळे केले. पहिल्या आठ महिन्यांवर मॉडेल शिकवलं, उरलेल्या चार महिन्यांवर तपासलं. त्या चार महिन्यांतल्या ५ बिघाडांपैकी ४ किमान तीन दिवस आधी पकडले, १ सुटला. ९ इशारे खोटे निघाले.’

इथे यशाची टक्केवारी नाही, आणि ती नसावीच. ४० मोटर आणि ३०० कामाचे दिवस धरले तर वर्षाला १२,००० नोंदी होतात. त्यांत बिघाड १२. रोज सगळ्या मोटरना ‘ठीक आहे’ म्हणणारं, काहीही न शिकलेलं मॉडेलसुद्धा ९९.९ टक्के वेळा बरोबर ठरेल. म्हणून ‘९९ टक्के अचूकता’ हे वाक्य जाणकाराला खटकतं. पकडलेले, सुटलेले आणि खोटे इशारे असे तीन आकडे दिले, की कामाचा अंदाज येतो. शिवाय एक खोटा इशारा म्हणजे तपासणीचा अर्धा तास, आणि एक सुटलेला बिघाड म्हणजे लाइन पाच तास बंद, असं आपल्या कारखान्याचं गणित त्याने जोडलं, तर ९ खोट्या इशाऱ्यांचे साडेचार तास का परवडतात तेही वाचणाऱ्याला दिसतं. ही किंमत फक्त शॉप फ्लोअरवरच्या माणसालाच सांगता येते.

अडचण एकच : कारखान्याचा डेटा कंपनीच्या मालकीचा असतो. तो परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. त्यातले आकडे पत्रात देण्याआधीही विचारून घ्यावं. म्हणून अनेक जण सर्वांसाठी खुला असलेला डेटा वापरतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंग डेटा या क्षेत्रात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात मोटरच्या चालत्या टोकाला ६२०५ जातीचंच बेअरिंग आहे, आणि त्यावरचे दोष ईडीएमने, म्हणजे ठिणगीने धातू कोरून, मुद्दाम पाडलेले आहेत.

इथे हमखास एक चूक होते. एकाच बेअरिंगच्या लांब नोंदीचे शेकडो छोटे तुकडे पाडायचे, ते पिसायचे, काहींवर मॉडेल शिकवायचं आणि उरलेल्यांवर तपासायचं. निकाल शंभर टक्क्यांच्या जवळ जातो, कारण तपासणीतलं बेअरिंग मॉडेलने आधीच पाहिलेलं असतं. दोष ओळखायच्या ऐवजी ते त्या एका बेअरिंगची ओळख पाठ करतं. एका आकाराच्या दोषाची बेअरिंगं शिकवताना पूर्ण बाजूला ठेवून त्यांच्यावर तपासलं, की आकडा घसरतो. अर्जदाराने तो घसरलेलाच आकडा द्यावा आणि तपासणी कशी केली ते एका वाक्यात सांगावं. मुद्दाम कोरलेला दोष आणि वापराने हळूहळू झिजलेलं बेअरिंग यांत फरक असतो, हेही तोच अधिकाराने लिहू शकतो.

शेवटच्या परिच्छेदात काय येत नाही ते सरळ सांगितलेलं चांगलं. ‘मॉडेल मी लॅपटॉपवर चालवलं आहे. सतत चालणाऱ्या सर्व्हरवर ते सांभाळण्याचा अनुभव नाही.’ एवढं पुरे. त्यासोबत माफीचा सूर नको आणि ‘लवकर शिकेन’ असं आश्वासनही नको.

हे सगळं एका पानात बसतं. पदवी, कोर्स आणि प्रमाणपत्रं बायोडेटात असतातच, ती पत्रात परत लिहू नयेत. पाठवण्याआधी पत्रातल्या प्रत्येक आकड्यामागची नोंद आणि कोड हाताशी काढून ठेवा, कारण मुलाखतीत ‘हे १२ बिघाड खरे होते हे कशावरून ठरवलंत?’ असं कुणीही विचारू शकतं.