ओपन डेनंतरचा ई-मेल

केबिन क्रूच्या ओपन डेला निवड करणारे दिवसभर असंख्य चेहरे पाहतात. म्हणून नंतरच्या ई-मेलच्या पहिल्याच ओळीत शहर, तारीख आणि अर्ज क्रमांक द्यावा. ‘मी दबावाखाली शांत राहते’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पुण्यातल्या हॉटेलात काम केलेली उमेदवार असं लिहू शकते : ‘जेवताना एका पाहुण्याला शेंगदाण्याची ॲलर्जी होऊन श्वास लागला. मी त्यांच्याजवळ थांबले, व्यवस्थापकांना रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं आणि माझी टेबलं सहकाऱ्याकडे सोपवली.’ विमानातही हाच क्रम असतो : आधी सुरक्षितता, मग सेवा. भाषांची पातळीही खरी लिहावी : इंग्रजी, हिंदी अस्खलित, अरबी अभिवादनापुरती. मुलाखतीत प्रश्न त्याच भाषेत येऊ शकतो.