थेरपिस्टला न दिसणारी घसरण

मायकेल लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानसोपचार घेणाऱ्या साडेपाचशे जणांपैकी कोणाची अवस्था उपचार संपेपर्यंत बिघडेल, असं थेरपिस्टना विचारलं होतं. साधारण आठ टक्के लोक बिघडतात, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. तरी त्यांनी तिघांचीच नावं घेतली. प्रत्यक्षात चाळीसजण बिघडले, आणि त्या तिघांतलं एकच नाव बरोबर निघालं. ही माणसं कामात कच्ची नव्हती. समोरचा माणूस वेळेवर येतो, मोकळं बोलतो, म्हणजे गाडी रुळावर आहे, असं कोणालाही वाटतं.

म्हणून काही क्लिनिकमध्ये सेशनआधी छोटी प्रश्नावली भरून घेतात. ती निवडताना मोह आवरावा लागतो. पन्नास प्रश्न पहिल्यांदा कोणीही भरेल, चौथ्या वेळी मात्र नुसत्या खुणा करून मोकळा होईल. प्रश्न थोडे हवेत आणि काही आठवड्यांत बदलू शकणाऱ्या गोष्टींबद्दल हवेत. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ सोयीची आहे. तिच्यात नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे दर आठवड्याला देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी दिलेली बरी.

समजा, एका बाईंचे गुण 16, 14, 15 आणि मग 21 असे आले. एक-दोन गुणांची हालचाल सोडून द्यावी. पाचाच्या पुढचा फरक मात्र खरा धरतात. एकूण आकड्यावर न थांबता थेरपिस्टने कागद नीट पाहिला. झोपेचा गुण 2 वरून 3, ‘आपण अपयशी आहोत’ आणि एकाग्रता हे दोन्ही 1 वरून 3. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तो 0 वरून 1. हा एक गुण एकूण बेरीज कितीही असली तरी त्याच दिवशी विचारायचा असतो.

“या वेळी त्रास वाढलेला दिसतोय. आपण इथे जे बोलतो, त्यानंतर घरी गेल्यावर कसं जातं?” असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, “दोन-दोन रात्री झोप लागत नाही. पण तुम्ही एवढे कष्ट घेताय, म्हणून बोलले नाही.” मग आधी त्यांच्या सुरक्षिततेची नीट चौकशी झाली, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं ठरलं, आणि जुन्या आठवणी उकरण्याचा वेग कमी केला.

हा आलेख सेशनआधी थेरपिस्टच्या हातात पडला तरच उपयोग. महिनाअखेरीच्या अहवालात तो दिसला, तर त्या बाईंसाठी उशीर झालेला असतो. दुसरा धोका व्यवस्थापनाकडून येतो. याच आकड्यांवर थेरपिस्टची पगारवाढ ठरू लागली, की अवघड रुग्ण नकोसे होतात आणि कागद गोड दिसू लागतात.

क्लिनिकमध्ये असा कागद हातात आला, तर डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून भरू नका. आणि भरल्यावर, आपला आलेख दाखवा, असं जरूर म्हणा.